सरासरी सहा दिवस, पण नऊ जण त्याआधीच घरी

*मॅडम, नमस्कार. मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टच्या पायलटसाठी सर्जिकल वॉर्डातल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या अकरा पेशंटचे ऑपरेशननंतरचे मुक्कामाचे दिवस काढले: 4, 3, 5, 2, 26, 4, 6, 3, 4, 5, 4. एक्सेलने मीन 6 आणि एसडी 6.7 दिली. गाइड म्हणतात, मीन ± एसडी लिही. मैत्रीण म्हणते, ते 26 काढून टाक. पुस्तकात आहे की 95 टक्के लोक मीनच्या अलीकडे-पलीकडे दोन एसडीत येतात, पण माझं उत्तर उणे सात दिवस येतंय! आणि अंगणवाडीच्या पोस्टिंगमध्ये वर्षाच्या एका मुलाची लांबी 70 सेंमी भरली, तर सेविका ताई लगेच म्हणाल्या, "उणे दोन एसडीच्या खाली आहे." तिथे एसडी चालते, मग माझ्या वॉर्डात का चालत नाही?*

*— तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी*

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला आहे, आणि त्याच्या उत्तरात बाकीचे सुटतात. पण आधी एक काम कर. एक्सेल बंद कर आणि अकरा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत वहीत एका ओळीत लिही.

2, 3, 3, 4, 4, 4, 4, 5, 5, 6, 26.

नुसत्या या ओळीकडे बघितलं तरी पेशंट दिसतात. बहुतेक जण तीन ते पाच दिवसांत घरी गेले, एक दुसऱ्याच दिवशी, एक सहाव्या दिवशी आणि एक जवळजवळ महिनाभर अडकला. आता मीन बघ. बेरीज 66, भागिले 11, म्हणजे 6. हिशोब बरोबर आहे. पण या वॉर्डातले नऊ जण सहा दिवसांच्या आत घरी गेले, बरोबर सहा दिवस राहिलेला एकच, आणि त्याहून जास्त राहिलेलाही एकच. उद्या ऑपरेशनला आलेल्या पेशंटच्या आईला तू "साधारण सहा दिवस लागतात" असं सांगितलंस, तर नऊ घरांना तू चुकीचा अंदाज दिलेला असेल.

मीडियन म्हणजे या ओळीतला मधला आकडा. अकरांपैकी सहावा, म्हणजे 4. पाच पेशंट त्याच्या डावीकडे, पाच उजवीकडे. ते 26 उद्या 60 झालं तरी मीडियन 4 च राहील, कारण त्याला फक्त रांगेतली जागा कळते, शेवटचा माणूस किती लांब उभा आहे हे नाही. मीन मात्र 6 वरून 9 च्या पुढे जाईल. मोडही इथे 4 आहे, चार जण चार दिवस राहिले. त्यावर जास्त वेळ घालवू नकोस. मोडचा खरा उपयोग रक्तगट, ऑपरेशनचा प्रकार अशा नावांच्या माहितीला होतो.

आता एसडी. तुमच्या पुस्तकात सूत्र असतं, पण एकदा हाताने केल्याशिवाय ती काय मोजते ते कळत नाही. प्रत्येक पेशंट मीनपासून किती दूर आहे ते काढायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, सगळ्या वर्गांची बेरीज करून तिला पेशंटच्या संख्येपेक्षा एकने कमी आकड्याने भागायचं आणि शेवटी वर्गमूळ काढायचं. दोन दिवस राहिलेला मीनपासून उणे 4 वर, म्हणजे वर्ग 16. तीन दिवसवाले दोघे, प्रत्येकी 9. चार दिवसवाले चौघे, प्रत्येकी 4. पाच दिवसवाले दोघे, प्रत्येकी 1. सहावाला शून्य. इथपर्यंत दहा पेशंटची बेरीज 52. मग तो सव्वीस दिवसवाला येतो: मीनपासून 20 दूर, वर्ग 400. एकूण 452. त्याला 10 ने भागलं की 45.2, आणि वर्गमूळ 6.7.

त्या 400 कडे नीट बघ. 452 पैकी 400 एकाच पेशंटचे आहेत. वर्ग केल्यामुळे लांबचा माणूस एसडीत दामदुपटीने नव्हे, त्याहून कितीतरी जास्त पटीने बोलतो. म्हणजे तू "वॉर्डातल्या पेशंटमधला फरक" म्हणून जो 6.7 लिहिणार होतीस, तो जवळजवळ पूर्णपणे एका माणसाचा आकडा आहे. त्याला बाजूला ठेवून फक्त स्वतःच्या समजुतीसाठी उरलेल्या दहांचा हिशोब करून बघ: मीन 4 आणि एसडी 1.2 येईल. इतका फरक एकट्याने पाडला.

(जाता जाता: एक्सेलमध्ये `=STDEV.S(B2:B12)` वापर, `=STDEV.P` नको. दुसरं फंक्शन 10 ऐवजी 11 ने भागतं आणि 6.4 देतं. आपल्याकडे सगळे पेशंट नसून त्यांतले थोडेच असतात, तेव्हा पहिलंच बरोबर.)

उणे सात दिवस कुठून आले ते आता उघड आहे. 6 मधून 13.4 वजा केले की उणे 7.4. कोणी उणे सात दिवस वॉर्डात राहत नाही. गणित चुकलेलं नाही, तू लावलेला नियम या आकड्यांचा नाही. "दोन एसडीत 95 टक्के" हा नियम घंटेच्या आकाराच्या नॉर्मल कर्व्हचा आहे. जिथे आकडे मधोमध दाटलेले असतात आणि दोन्ही बाजूंना सारख्याच उतरंडीने विरळ होत जातात, तिथेच तो लागतो. मुक्कामाचे दिवस तसे नसतात. डावीकडे भिंत आहे, शून्याच्या खाली जाता येत नाही. उजवीकडे मात्र मोकळं रान आहे, जखमेत पू झाला, परत टाके घालावे लागले, की पेशंट कितीही दिवस राहू शकतो. म्हणून शेपूट उजवीकडे लांबतं. वॉर्डातल्या कितीतरी मोजमापांचं असंच असतं: ओपीडीत थांबायची वेळ, हॉस्पिटलचं बिल, रक्तातलं सीआरपी.

आणि ही एक झटपट तपासणी कायमची लक्षात ठेव, परीक्षेतही कामाला येईल. मोजमाप शून्याच्या खाली जाऊ शकत नसेल आणि मीनमधून दोन एसडी वजा केल्यावर उत्तर उणे येत असेल, तर ते वितरण घंटेच्या आकाराचं असूच शकत नाही. दुसऱ्याच्या पेपरमधला मूळ डेटा तुझ्याकडे नसला तरी टेबलातल्या दोन आकड्यांवरून हे ओळखता येतं. उलट मात्र खरं नाही. उत्तर उणे आलं नाही म्हणून वितरण नॉर्मल ठरत नाही. त्यासाठी हिस्टोग्राम काढून डोळ्यांनीच बघावं लागतं, आणि अकरा पेशंटच्या हिस्टोग्रामवरून फारसं काही कळत नाही हेही खरं.

मैत्रिणीचा सल्ला ऐकू नकोस. आधी त्या पेशंटचा केसपेपर काढ. ऑपरेशनची तारीख आणि डिस्चार्जची तारीख बघ. कधी 2.6 चे 26 होतात, कधी डिस्चार्जचा महिनाच चुकीचा उतरतो, कधी एकाच माणसाच्या दोन ॲडमिशन जोडल्या जातात. तारीख चुकली असेल तर दुरुस्त कर आणि दुरुस्त केल्याची नोंद ठेव. पण तो माणूस खरंच 26 दिवस राहिला असेल, तर तो तुझ्या अभ्यासाचा भाग आहे. किंबहुना नर्सिंगच्या नजरेने अकरांतला सगळ्यात महत्त्वाचा पेशंट तोच आहे. त्याला काय झालं? जखमेचा संसर्ग असेल तर ड्रेसिंग कधी बदललं, ताप कोणत्या दिवशी आला, ऑपरेशनच्या वेळी अपेंडिक्स आधीच फुटलेलं होतं का? आकडा लांब आहे एवढ्याच कारणाने पेशंट पुसून टाकला, तर हे प्रश्नही पुसले जातात.

गाइडना काय सांगशील? मी असं लिहीन: "ऑपरेशननंतरच्या मुक्कामाचा मीडियन 4 दिवस (चतुर्थकांतील अंतर 3 ते 5 दिवस, किमान 2, कमाल 26)." चतुर्थक काढणं सोपं आहे. मीडियनच्या डावीकडच्या पाच आकड्यांचा मधला 3, उजवीकडच्या पाचांचा मधला 5. म्हणजे मधले निम्मे पेशंट तीन ते पाच दिवसांत गेले. मीडियनप्रमाणेच हे अंतरही त्या एका माणसामुळे हलत नाही, तरी कमाल 26 लिहिल्यामुळे तो लपतही नाही. एक्सेलचं `QUARTILE.EXC` हेच देतं. `QUARTILE.INC` खालचा चतुर्थक 3.5 देईल, कारण त्याची मोजायची पद्धत वेगळी आहे. दोन्ही चालतात, कोणती वापरली तेवढं एकदा लिहून ठेव, नाहीतर व्हायव्हात विनाकारण गोंधळ उडतो.

तरी मीन फेकून देऊ नकोस, आणि इथे तुझ्या गाइडचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. सिस्टर इन्चार्जना पुढच्या महिन्यात अपेंडिक्सच्या पेशंटसाठी किती बेड लागतील हे काढायचं असेल, तर त्यांना मीनच लागेल. अकरा पेशंटनी मिळून 66 बेड-दिवस वापरले, आणि 11 गुणिले 6 बरोबर 66 च. मीडियनने गुणलं तर 44 येतात, मग उरलेले 22 बेड-दिवस आणायचे कुठून? खाटा, औषधं, पैसा अशी एकूण बेरीज हवी असते तिथे मीन बोलतो. एका पेशंटला साधारण काय अपेक्षित आहे हे सांगायचं असतं तिथे, शेपूट लांब असेल तर, मीडियन. टेबलात दोन्ही दिलेस तर गाइडनाही हरकत नसावी.

आता अंगणवाडीतलं मूल. तिथे एसडी चालते कारण एकाच वयाच्या निरोगी मुलांची लांबी खरोखरच घंटेच्या आकारात बसते. ताईंच्या हातातल्या तक्त्यामागे जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली प्रसिद्ध केलेली वाढीची मानकं आहेत. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत 1997 ते 2003 या काळात आईचं दूध नीट मिळालेल्या, सिगारेटचा धूर नसलेल्या, चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांची मापं घेऊन ती तयार झाली. भारतातली मुलं दिल्लीची होती. "आपली मुलं जातीचीच बुटकी" असं कोणी म्हणालं तर हे सांग.

बारा महिन्यांच्या मुलग्यांची लांबी या मानकात अशी आहे: मधोमध 75.7 सेंमी. एक एसडी खाली 73.4, दोन खाली 71.0, तीन खाली 68.6. एक एसडी वर 78.1, दोन वर 80.5, तीन वर 82.9. पायऱ्या बघ, प्रत्येक जवळजवळ 2.4 सेंमीची, वर जा की खाली. ही सारखी अंतरं म्हणजेच घंटेचा आकार. इथे मीन, मीडियन आणि मोड तिन्ही एकाच जागी, 75.7 वर येतात, त्यामुळे कोणतं वापरायचं हा वादच उरत नाही. आणि इथे पुस्तकातला नियम पूर्ण लागू पडतो. अशा शंभर निरोगी मुलग्यांत सुमारे 68 जण 73.4 ते 78.1 च्या मध्ये, सुमारे 95 जण 71.0 ते 80.5 च्या मध्ये. उरलेले पाचएक दोन टोकांना वाटले जातात, म्हणून 71.0 च्या खाली साधारण 2.3 टक्के. तीन एसडीच्या खाली हजारात एखादाच.

तुझा मुलगा 70 सेंमी. 70 मधून 75.7 वजा केले की उणे 5.7, त्याला 2.4 ने भागलं की उणे 2.4. हाच झेड स्कोअर: तो मधल्या मुलापासून 2.4 एसडी खाली आहे. ताईंचं वाचन बरोबर होतं. लांबी वयाच्या मानाने उणे दोन एसडीच्या खाली असेल तर त्याला खुजेपणा म्हणतात, आणि तो हळूहळू, महिनोन्महिन्यांच्या कमी पोषणातून आणि वारंवारच्या आजारपणातून येतो.

पण एका मुलावर निकाल द्यायची घाई करू नकोस. हजार निरोगी मुलांत 23 जण त्या रेषेखाली नुसते आई-वडिलांवर गेले म्हणूनही असतील. त्याहून मोठी भीती मापाची. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून, इन्फँटोमीटरवर घ्यायची असते. तुम्ही भिंतीला उभं करून घेतली असेल तर माप सुमारे 0.7 सेंमीने कमी भरतं, आणि या वयात ते एसडीच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. त्याहून जास्त घोळ वयाचा. "वर्षाचा झालाय" असं आई सांगते, पण जन्मतारीख बघितली की कधी दहाच महिने भरतात. दहा महिन्यांच्या मुलग्यांचा मध्य 73.3 आणि उणे दोनची रेषा 68.7 आहे. म्हणजे तेच 70 सेंमीचं मूल एकदम उणे 1.4 वर येतं आणि रेषेच्या वर जातं. तेव्हा माता व बाल संरक्षण कार्डावरची जन्मतारीख बघ, माप दोनदा घे, आणि त्या मुलाचे आधीचे ठिपके जोडून बघ. तो जन्मापासून याच रेषेलगत चाललाय की सहाव्या महिन्यानंतर वरून घसरत आलाय, हे एका झेड स्कोअरपेक्षा कितीतरी जास्त सांगतं. आणि एनआरसीत, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचं का, हे लांबीवर ठरत नाही. ते लांबीच्या मानाने वजन उणे तीन एसडीच्या खाली, दंडाचा घेर 11.5 सेंमीपेक्षा कमी किंवा दोन्ही पायांवर सूज यावर ठरतं. या तिन्ही गोष्टी त्या दिवशी तपासल्या होत्या ना?

वजनाच्या तक्त्यावर मात्र मी लांबीसाठी केली ती वजाबाकी-भागाकार करू नकोस. बारा महिन्यांच्या मुलग्यांचं वजन मधोमध 9.6 किलो. दोन एसडी खाली 7.7, म्हणजे अंतर 1.9. दोन एसडी वर 12.0, म्हणजे अंतर 2.4. वरच्या पायऱ्या रुंद आहेत. वजनाचं शेपूट उजवीकडे लांब आहे, तुझ्या वॉर्डातल्या मुक्कामासारखंच, फक्त खूप सौम्य. मानकं करणाऱ्यांनी गणिताने ते आधी सरळ करून घेतलं आणि मग रेषा आखल्या. म्हणून वजनाचा झेड स्कोअर तक्त्यातून किंवा WHO Anthro सॉफ्टवेअरमधून घे. आता तुला तक्ता बघूनच ओळखता येईल की कोणतं माप घंटेच्या आकाराचं आहे आणि कोणतं नाही: मधल्या रेषेपासून वरच्या आणि खालच्या रेषांची अंतरं मोज.

आणि पोस्टिंगच्या रिपोर्टात घालण्यासारखी गोष्ट ही. एका मुलाबद्दल घंटेचा आकार फार काही ठाम सांगत नाही, पण गावातल्या सगळ्या मुलांबद्दल सांगतो. मानकाप्रमाणे वाढणाऱ्या मुलांत उणे दोनच्या खाली 2.3 टक्के अपेक्षित आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची 35.5 टक्के मुलं त्या रेषेखाली निघाली, महाराष्ट्रात 35.2 टक्के. इतकी मुलं आई-वडिलांवर जाऊन बुटकी होत नाहीत. आणि घंटेचं फक्त डावं टोक फुगलं असंही होत नाही. एवढी मुलं रेषेखाली जायला अख्खी घंटाच डावीकडे सरकावी लागते. म्हणजे उणे 1.5 वर असलेलं, तक्त्यात हिरव्या पट्ट्यात दिसणारं मूलही बहुधा स्वतःच्या जागेवरून खाली आलेलं आहे. तुमच्या अंगणवाडीतल्या मुलांचे झेड स्कोअर एका कागदावर ओळीने मांड आणि त्यांचा मीडियन काढ. तो शून्याच्या आसपास आला, की उणे एकच्या पलीकडे गेला, ते मला कळव. मुलं चाळीसएक तरी असू देत, आणि वयं जन्मतारखेवरून काढलेली.